मोजमाप कुठून कुठपर्यंत?

लोणावळा, कामशेत, मुळशी, कर्जत या पट्ट्यात बंगल्यांची कामं करता करता प्लंज पूल माझ्या वाट्याला येत गेले आणि हळूहळू तेच माझं मुख्य काम झालं. प्लंज पूल पोहण्यासाठी नसतो. छातीएवढ्या पाण्यात उतरावं, बाकावर निवांत बसावं, एवढाच त्याचा उपयोग. त्यामुळे तो लहान असतो, आणि लहान असल्यामुळेच लोकांना त्याचा हिशेब सोपा वाटतो. मालक फोनवर लांबी, रुंदी, खोली सांगतात आणि विचारतात, "काँक्रीट किती, लोखंड किती, टाइल किती? ढोबळ सांगा."

त्यावर मी आधी उलटा प्रश्न विचारतो: ही लांबी कुठून कुठपर्यंतची? टाइलपासून टाइलपर्यंत, की काँक्रीटपासून काँक्रीटपर्यंत? आणि खोली कोपिंगच्या माथ्यापासून धरली आहे, की पाण्याच्या पातळीपासून? बऱ्याच जणांना हा प्रश्न उगाच फाटे फोडणारा वाटतो. पण इतक्या वर्षांत ज्या ज्या कामांवर माल कमी पडला किंवा उरला, तिथे बहुतेक वेळा गुणाकार बरोबर होता. चुकीचं माप गुणाकारात घातलेलं होतं.

मुळशीकडच्या एका कामाचे आकडे मला पाठ आहेत, कारण त्यावर मालकांशी बरीच चर्चा झाली होती. त्यांना वापरायला ४ मीटर लांब, २.५ मीटर रुंद आणि १.४ मीटर खोल टाकी हवी होती. गृहस्थ हिशेबाला पक्के होते. त्यांनी तीन आकड्यांचा गुणाकार करून १४ घनमीटर काढले आणि तेवढ्या काँक्रीटचा भाव विचारला. हे १४ घनमीटर म्हणजे टाकीच्या आतली पोकळी. पाणी कोपिंगच्या माथ्यापासून १५ सेंटिमीटर खाली राहणार, म्हणजे बाकाची जागा वजा न करता पाणी साडेबारा हजार लिटर. काँक्रीटचा या आकड्याशी काहीच संबंध नाही.

हे लक्षात आल्यावर त्यांनी दुसरा हिशेब मांडला. तळ १० चौरस मीटर, चार भिंती मिळून १८.२, एकूण २८.२ चौरस मीटर. जाडी २०० मिलिमीटर. उत्तर आलं ५.६४ घनमीटर. हा हिशेब वाजवी दिसतो आणि कित्येक ठेकेदारही असाच करतात. पण त्या टाकीला प्रत्यक्षात पावणेआठ घनमीटर काँक्रीट लागलं. मधले दोन घनमीटर कुठे गेले, हे समजलं की या कामातलं निम्मं गणित समजलं.

पहिली गोष्ट म्हणजे टाइल, तिच्याखालचा अ‍ॅडेसिव्ह, प्लास्टर आणि वॉटरप्रूफिंगचे थर आतली जागा खातात. मी प्रत्येक बाजूला ५० मिलिमीटर सोडतो. म्हणजे टाइलपासून टाइलपर्यंत ४ मीटर हवे असतील तर काँक्रीटची आतली लांबी ४.१० आणि रुंदी २.६० ठेवावी लागते. तळावर उताराचा थर आणि टाइल मिळून ८० मिलिमीटर जातात, वर ३० मिलिमीटरचं कोपिंग बसतं. ते जमेला धरून भिंतीची उंची १.४५ मीटर येते. ड्रॉइंगवर नुसतं '४.० × २.५' लिहिलेलं असेल तर शटरिंगवाला तेच काँक्रीटचं माप समजतो, आणि मग तयार टाकी दहा सेंटिमीटरने अरुंद होते. लहान टाकीत बाकावर बसून पाय पसरताना हे दहा सेंटिमीटर लगेच जाणवतात.

दुसरी गोष्ट भिंतींच्या लांबीची. आतला परीघ १३.४ मीटर, बाहेरचा १५ मीटर. आतला धरला तर चारही कोपऱ्यांतलं काँक्रीट सुटतं, बाहेरचा धरला तर तेच दोनदा मोजलं जातं. म्हणून भिंतीच्या मध्यरेषेवरून मोजायचं, म्हणजे ४.३० आणि २.८० यांची दुप्पट, १४.२ मीटर. त्याला जाडी आणि उंचीने गुणलं की ४.१२ घनमीटर होतात. मोठ्या तलावात कोपऱ्यांचा फरक एकूण मापात विरून जातो. टाकी जितकी लहान, तितका कोपऱ्यांचा वाटा मोठा, म्हणूनच लहान कामात ही काळजी जास्त घ्यावी लागते.

तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट तळाची. मालकांनी तळ धरला १० चौरस मीटर, कारण तेवढाच डोळ्यांना दिसतो. पण भिंती राफ्टवर उभ्या असतात, त्यामुळे राफ्ट भिंतींच्या खालून बाहेरपर्यंत जातो आणि आम्ही तो भिंतीबाहेर आणखी १५० मिलिमीटर काढतो. राफ्टचं माप झालं ४.८ बाय ३.३, म्हणजे १५.८४ चौरस मीटर. दिसणाऱ्या तळापेक्षा दीडपटीहून जास्त. २०० मिलिमीटर जाडीने ३.१७ घनमीटर. बसायचा बाक रुंदीभर, ४०० मिलिमीटर रुंद आणि ४५० उंच, त्याचे ०.४७. बेरीज ७.७६. खालचं पीसीसी याच्यात धरायचं नाही. ते ५ बाय ३.५ मीटरचं, १०० मिलिमीटर जाडीचं, पावणेदोन घनमीटर, वेगळ्या ग्रेडचं आणि वेगळ्या दिवशीचं काम आहे.

आता पावणेआठ घनमीटर म्हटलं की मालक म्हणतात, एक मोठी आणि एक लहान गाडी मागवा, एका दिवसात उरका. तसं करता येत नाही. राफ्ट आणि त्याच्यासोबत भिंतीचा १५ सेंटिमीटरचा स्टार्टर एका दिवशी, उरलेली भिंत आणि बाक नंतर. पहिल्या दिवशी ३.६ घनमीटर, दुसऱ्या खेपेला ४.१६. पाच टक्के वाढवून आम्ही पहिल्यांदा ४ आणि नंतर साडेचार घनमीटर आरएमसी मागवलं. सहा घनमीटरच्या गाडीत चार घनमीटर मागवलं की प्लांटवाले रिकाम्या जागेचेही पैसे लावतात. हा खर्च भाव ठरवतानाच मालकांच्या कानावर घालावा. हे दोन दिवस एकत्र करण्याच्या मोहात भिंत आणि राफ्ट यांच्यामधला सांधा कच्चा राहिलेला मी पाहिला आहे, आणि गळकी टाकी बहुतेक वेळा तिथूनच गळते. त्या सांध्यात पीव्हीसीची वॉटरस्टॉप पट्टी निम्मी खाली, निम्मी वर बसते. तिची लांबीही मध्यरेषेवरूनच मोजायची, जोडासकट १५ मीटर. ओतताना ती आडवी पडली तर असून नसून सारखीच, म्हणून सळईला तारेने दोन्ही बाजूंनी बांधून घ्यावी लागते.

काँक्रीट एम-३० दर्जाचं, पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५ च्या आत. पाणी साठवणाऱ्या बांधकामासाठीच्या आयएस ३३७० या मानकाला हेच अपेक्षित आहे. ओतताना घट्ट वाटलं की कामगार गाडीत पाण्याचा पाइप सोडायला धावतात. पाणी वाढवायचं नाही. प्रवाहीपणा हवा असेल तर प्लांटला आधी सांगून अ‍ॅडमिक्श्चर घालून घ्यायचं. पाणी मिसळलेलं काँक्रीट शटरिंग काढल्यावर गुळगुळीत दिसतं, आणि महिनाभरात त्यावर केसासारख्या चिरा उमटतात.

लोखंडाच्या बाबतीत अंगठ्याचा नियम सगळ्यांना ठाऊक असतो: घनमीटरला ८० किलो. मालकांच्या ५.६४ ला ८० ने गुणलं तर ४५१ किलो येतात. आम्हाला लागलं सुमारे ७६०. एका चुकीच्या मापावर ढोबळ नियम लावला की दोन्ही चुका एकमेकींना वाढवतात.

हे ७६० कसे आले ते सांगतो. डिझायनरने १० मिलिमीटरची सळई, १५० मिलिमीटर अंतरावर, दोन्ही दिशांना आणि दोन्ही जाळ्यांत दिली होती. आपल्याकडे सळईचं वजन काढायची सोपी रीत आहे: व्यासाचा वर्ग भागिले १६२. दहाच्या सळईला मीटरमागे ०.६१७ किलो. आता प्रश्न उरतो एकूण मीटर किती.

भिंतीतल्या उभ्या सळया दोन्ही जाळ्या मिळून १९० च्या आसपास. भिंत १.४५ मीटर उंच आहे म्हणून सळई तेवढीच धरली तर फसगत होते. एक वयस्कर फिटर मामा माझ्याकडे बरीच वर्षं होते. नवीन मुलाला ते पहिल्याच दिवशी सांगत, "सळई भिंतीवर संपत नाही रे, ती राफ्टात उतरते आणि तिथे पाय पसरते." राफ्टातला उतार आणि ४५० मिलिमीटरचा काटकोनी पाय धरून एक सळई २ मीटरची होते. १९० सळयांचे ३८० मीटर.

आडव्या सळया दोन्ही जाळ्यांत मिळून वीस ओळी. कोपऱ्यांतले लॅप धरून एक ओळ सरासरी १६.८ मीटरची पडते, म्हणजे ३३६ मीटर. इथे कोपऱ्यावर थांबून एक गोष्ट सांगायला हवी. आतल्या जाळीची आडवी सळई कोपऱ्यात नुसती वळवून पुढच्या भिंतीत नेणं सोपं असतं आणि लोखंडही वाचतं. पण टाकी भरल्यावर पाणी भिंतींना बाहेर ढकलतं, ती वळवलेली सळई ताणाने सरळ व्हायला बघते आणि आतल्या कोपऱ्यातलं काँक्रीट फोडून बाहेर येते. म्हणून आतली सळई सरळ पुढे नेऊन बाहेरच्या जाळीपाशी वळवून अडकवायची. प्रत्येक टोकाला तीस-चाळीस सेंटिमीटर जास्त लागतात. हे लोखंड ढोबळ नियमात कुठेही धरलेलं नसतं, आणि कमी पडलं की फिटर पहिल्यांदा इथेच काटकसर करतो. काँक्रीट ओतण्याआधी मी कोपरे स्वतः बघतो.

राफ्टच्या एका जाळीत ४.९ मीटरच्या २३ आणि ३.४ मीटरच्या ३३ सळया, मिळून २२५ मीटर. वर-खाली दोन जाळ्यांचे ४५० मीटर. सगळी बेरीज ११६६ मीटर, वजन ७१९ किलो. वरची जाळी तोलून धरणाऱ्या चेअर, भिंतीच्या दोन जाळ्यांमधले स्पेसर आणि बाकातलं थोडं लोखंड मिळून चाळीस किलो. ७६० ला ७.७६ ने भागलं तर घनमीटरमागे ९८ किलो पडतं. म्हणून लहान टाकीला मी शंभरच्या आसपास धरून चालतो. बांधकामाच्या मानाने तिच्यात वळणं, पाय आणि लॅप जास्त असतात. दुकानात सळई १२ मीटरची मिळते, दहाची एक सळई ७.४ किलोची. तुकड्यांची तूट धरून आम्ही १०५ सळया आणल्या.

हिशेबात न दिसणारी आणि तरीही टाकीचं आयुष्य ठरवणारी वस्तू म्हणजे कव्हर ब्लॉक. पाण्याच्या बाजूला सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीट हवं. २०० च्या भिंतीत दोन जाळ्या आणि दोन्हीकडचं कव्हर बसवल्यावर मधे व्हायब्रेटरची सुई जाण्याइतकीच जागा राहते. जाडी १५० करून काँक्रीट वाचवायचा आग्रह मालक धरतात तेव्हा मी त्यांना उघड्या जाळ्यांपाशी नेऊन ती मधली जागा दाखवतो.

काँक्रीटच्या आकड्याचा आणखी एक उपयोग आहे, जो मला एका दुसऱ्याच्या कामावर शिकायला मिळाला. उन्हाळ्यात भिंती उभ्या राहिल्या, बाहेरची भरणी राहून गेली आणि पाऊस सुरू झाला. उतारावरचं पाणी खड्ड्यात उतरलं. आत साठलेलं पाणी वॉटरप्रूफिंगसाठी पंपाने काढलं गेलं, आणि रात्रीतून टाकीचं एक टोक वर उचललं. मला बोलावलं तेव्हा राफ्टखाली गाळ शिरला होता. ती टाकी परत जागेवर बसवता आली नाही. तोडावीच लागली.

तेव्हापासून मी प्रत्येक टाकीच्या वजनाचा हिशेब करतो. मुळशीच्या टाकीचं बघा. ७.७६ घनमीटर काँक्रीट, घनमीटरला अडीच टन, म्हणजे कोऱ्या टाकीचं वजन १९.४ टन. खड्डा माथ्यापर्यंत भरला तर टाकी बाजूला सारते ते पाणी २२.७ टन. रिकामी टाकी तीन टनांनी हलकी ठरते. इतकंच काय, राफ्टच्या वर साधारण १.२ मीटर पाणी चढलं तरी ती तरंगू लागते. प्लास्टर, टाइल आणि बाहेरची भरणी झाल्यावर स्थिती सुधारते, पण फार मोठी सवलत मिळत नाही. उपाय स्वस्त आहे. आत अर्धा मीटर पाणी ठेवलं की जवळपास पाच टन भार वाढतो. भिंती झाल्या की पावसाळ्याआधी भरणी करावी, एका कोपऱ्यात राफ्टच्या खालपर्यंत छिद्रांचा पाइप उभा सोडावा, त्यातून बाहेरचं पाणी किती चढलं ते बघावं. ते चढलेलं असताना टाकी रिकामी करू नये, मग साफसफाई कितीही अडलेली असो.

टाइल लावण्याआधी टाकी भरून सात दिवस ठेवतो. पातळीवर खूण, आणि शेजारी उघड्यावर पाण्याची बादली, तिच्यावरही खूण. दोन्हींची पातळी सारखीच उतरली तर ते बाष्पीभवन. टाकीची जास्त उतरली तर गळती. टाइल पाणी अडवते हा समज फार पसरलेला आहे. टाइल आणि ग्राउट ही वरची त्वचा आहे, पाणी काँक्रीटने आणि वॉटरप्रूफिंगने अडवायचं असतं. चाचणीत गळणारी टाकी टाइल लावून बंद होत नाही, फक्त गळती कुठून आहे ते शोधणं अवघड होतं.

टाइलच्या मापात मात्र मालकांचाच आकडा खरा ठरला. टाइल दिसणाऱ्या पृष्ठभागावर बसते, म्हणून इथे तयार माप धरायचं: तळ १०, भिंती १८.२. बाकासाठी दुकानदाराने दोन चौरस मीटर वाढवून सांगितले होते. मी कागदावर काढून दाखवलं. बाक तीन बाजूंनी भिंतींना टेकलेला आहे. त्याने जेवढा तळ झाकला तेवढाच त्याचा माथा आहे. जेवढी मागची भिंत झाकली तेवढाच त्याचा दर्शनी भाग. शिवाय दोन बाजूंच्या भिंतींचे तुकडे झाकले गेले, ते उलट वजा होतात, ०.३६ चौरस मीटर. म्हणजे बाकाने टाइल वाढत नाही, किंचित कमीच होते. वाढते ती कडा. अडीच मीटर लांबीची ती धार पायाला, मांडीला लागते, तिथे गोलाईचा तुकडा हवा, आणि तो वेगळा मागवावा लागतो. बाक भिंतीपासून सुटा, मधोमध असता तर मात्र त्याच्या चारही बाजू वाढल्या असत्या.

उरले २७.८४ चौरस मीटर. काचेची मोझेइक होती, ३२७ मिलिमीटर चौरसाची शीट, खोक्यात वीस. एका खोक्यात २.१४ चौरस मीटर बसतं. मोझेइक ओळीओळीने कापता येते, त्यामुळे तूट कमी, सात टक्के पुरतात. १४ खोकी लागली. याच जागी ३०० बाय ६०० ची टाइल असती तर उंचीला चार पूर्ण आणि वर अर्ध्याहून थोडा मोठा तुकडा बसला असता. तिथे बारा टक्के धरावे लागतात. सगळी खोकी एकाच बॅचची घ्यावीत आणि एक जादा खोकं घरात ठेवून द्यावं. पाण्याखाली रंगातला थोडासा फरकही उठून दिसतो, आणि दोन वर्षांनी तीच छटा पुन्हा मिळत नाही. कोपिंगची लांबीही टाकीच्या परिघापेक्षा जास्त भरते, कारण ते कडेच्या बाहेर पसरतं. परीघ १३ मीटर, कोपिंग १४ मीटर.

हे आकडे दुसऱ्या टाकीला सरसकट प्रमाणात वाढवून वापरता येत नाहीत. याच टाकीची लांबी एक मीटरने वाढवली तर काँक्रीट सव्वा घनमीटरने आणि टाइल ५.३ चौरस मीटरने वाढते. खोली ३० सेंटिमीटरने वाढवली तर काँक्रीट जेमतेम ०.८५ घनमीटर वाढतं, पण भिंतीवरचा मातीचा आणि पाण्याचा एकूण दाब उंचीच्या वर्गाने वाढतो, सळईचं डिझाइन नव्याने करावं लागतं आणि टाकी तरंगण्याचा हिशेबही बदलतो. खोली वाढवायची कल्पना मालकांना बहुतेक वेळा खड्डा खणून झाल्यावर, त्यात उभं राहून सुचते. माझी विनंती एवढीच आहे की ती आधी सुचू द्या. जेसीबी बोलावण्याआधी जमिनीवर चुन्याने टाकी आखा, तिच्यात खुर्ची टाकून बसून बघा, आणि लांबी, रुंदी, खोली टाइलपासून टाइलपर्यंत आणि काँक्रीटपासून काँक्रीटपर्यंत अशी दोन्ही मापं कागदावर लिहून त्याखाली तुमची आणि ठेकेदाराची सही घ्या.